बाकलेला खांब आणि गृहीत धरलेला वक्र : ऑयलरपासून तिमोशेंकोपर्यंत

कॅनडातील क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर एक प्रचंड लोखंडी पूल उभा राहत होता. ऑगस्ट १९०७ मध्ये त्याच्या खालच्या बाजूचा, दाब सोसणारा एक अवयव किंचित बाकलेला दिसला. पाऊण इंचाचा तो बाक आठवडाभरात दोन इंचांवर गेला. तो हातानेच पूर्वीपासून वाकडा होता की आता वाकतो आहे, यावर अभियंत्यांत वाद झाला आणि काम चालू राहिले. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी पूल कोसळला. त्या वेळी पुलावर ८६ माणसे होती. त्यांतील ७५ मेली. मृतांपैकी पुष्कळजण काहनावाके येथील मोहॉक जमातीचे लोहकामगार होते.

लोखंड चिरडले गेले नव्हते. ते बाकून निकामी झाले होते, आणि हे दोन मृत्यू वेगळे आहेत. दाबाखाली चिरडणे हा पदार्थाच्या बळाचा प्रश्न असतो. बाकणे, म्हणजे बक्लिंग, हा आकाराचा आणि ताठपणाचा प्रश्न असतो. एखादा खांब किती वजनाला बाकेल, हे तो न मोडता आधी सांगता येते का? या धाग्यात त्या प्रश्नाच्या एका उत्तराचा इतिहास आहे. खांब कसा वाकेल याचा आधी केवळ अंदाज करायचा आणि मग ऊर्जेचा जमाखर्च मांडून भार काढायचा, असे ते उत्तर. ते १९१० च्या सुमारास कीव्हमध्ये प्रौढ झाले. बीज मात्र १७४२ सालच्या एका पत्रात आहे.

त्याआधी एक प्रयोग झालेला होता. नेदरलँड्सच्या पीटर व्हान मुशेनब्रूकने १७२९ मध्ये लाकडी पट्ट्या उभ्या धरून त्यांवर भार दिला आणि नोंदवले की पट्टी जितकी लांब तितकी ती लवकर बाकते, तेही लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. लांबी दुप्पट केली की भार चौथा हिस्सा. का, हे मात्र त्याला सांगता येण्यासारखे नव्हते.

१७४२ मध्ये दानिएल बर्नुलीने लेओनहार्ड ऑयलरला लिहिले की वाकलेल्या लवचीक पट्टीत जी शक्ती साठून राहते तिचे मोजमाप वक्रतेच्या वर्गावरून करता येईल. पट्टी जो आकार घेते त्यात ही बेरीज सर्वांत कमी असते असे मानून वक्र शोधून पाहावा. ऑयलरने ते मनावर घेतले. १७४४ मध्ये त्याचा वक्ररेषांवरील जो लॅटिन ग्रंथ निघाला, त्याच्या पुरवणीत लवचीक वक्रांची सगळी कुळे त्याने वर्णिली. त्यांतच हा शोध आला की अगदी किंचित वाकण्यासाठीही एक ठरावीक, शून्याहून मोठा भार लागतो. त्याहून कमी भाराला खांब सरळच उभा राहतो. आजच्या चिन्हांत तो भार असा लिहितात :

P = π²EI/L²

यात L ही लांबी, E हा पदार्थाचा ताठपणा आणि I हे छेदाच्या आकारावरून येणारे माप. खांब दोन्ही टोकांना बिजागरीवर असल्यासारखा मोकळेपणाने फिरू शकतो, पण टोके बाजूला सरकत नाहीत, असे यात धरले आहे. अभियंते त्याला पिन-टोकांचा स्तंभ म्हणतात. मुशेनब्रूकचा लांबीचा वर्ग इथे छेदस्थानी आपोआप येऊन बसला.

पुढे १७५७ च्या निबंधात ऑयलरने हाच निकाल अधिक सोप्या वाटेने काढला. बाक लहान आहे असे धरले की समीकरण सुटसुटीत होते आणि त्याचे उत्तर म्हणून साइन वक्र मिळतो. टोकांशी शून्य, मध्यावर सर्वाधिक. पुढच्या पिढ्यांनी ही दुसरी वाट पाठ केली आणि बर्नुलीची ऊर्जा मागे पडली. इतिहासात असे वारंवार होते. सोपी सिद्धता मूळ कल्पनेला झाकून टाकते.

(साइन हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण त्याचे मूळ संस्कृत 'ज्या' हेच आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाच्या परंपरेतली ज्या-जीवा अरबीत गेली, तिथे तिचे वाचन बदलले, आणि लॅटिन भाषांतरात ती 'सायनस' झाली. दोरी ताणल्यावर धनुष्याचे लाकूड जसे बाकते तसाच खांबही बाकतो, तेव्हा ही शब्दांची गाठ योगायोगाची असली तरी सुंदर आहे.)

आता ऑयलरचे समीकरण सुटते ते खांब सर्वत्र सारखा असेल तेव्हा. मध्ये जाड आणि टोकांना बारीक असा खांब, जाळीने जोडलेले दोन पट्टे, जहाजाच्या कवचातला पत्रा, यांची समीकरणे लिहिता येतात; सुटत मात्र सहजासहजी नाहीत. एकोणिसाव्या शतकात लोखंडी पूल आणि जहाजे जसजशी वाढली तसतशी ही अडचण पुस्तकातून बाहेर येऊन कारखान्यात पोचली.

तिचे उत्तर आले भलत्याच दिशेने, ध्वनीच्या अभ्यासातून. इंग्लंडच्या लॉर्ड रेली यांनी १८७७ मध्ये ध्वनिशास्त्रावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला; त्याचे लेखन त्यांनी आजारपणानंतर नाईल नदीवरच्या नौकाप्रवासात सुरू केले होते. त्यांत त्यांनी दाखवले की तार किंवा दांडी कंप पावताना कोणता आकार घेते हे नेमके ठाऊक नसले तरी चालते. एक शहाणपणाचा आकार गृहीत धरावा, त्यावरून ऊर्जांचे हिशेब करावेत. कंपनसंख्या जवळपास बरोबर येते. आकारातली लहान चूक उत्तरात अतिलहान होऊन उतरते. पुढे जॉर्ज ब्रायन यांनी १८८८ पासून ऊर्जेचा हाच विचार स्थैर्याच्या प्रश्नाला लावला आणि दाबाखालच्या पत्र्याचा भार काढून दाखवला.

स्तेपान तिमोशेंको यांचा प्रवेश इथे होतो. युक्रेनमधील एका खेड्यात १८७८ साली जन्मलेला हा अभियंता काही काळ जर्मनीत ग्योटिंगेन येथे शिकून परतला होता आणि कीव्ह पॉलिटेक्निकमध्ये पदार्थबलाचा प्राध्यापक होता. रेलींची युक्ती त्यांनी खांब, चौकटी आणि पत्रे यांना पद्धतशीरपणे लावली. ती कशी चालते हे एका साध्या पट्टीवर पाहू, म्हणजे पुढचा इतिहास हवेत राहणार नाही.

लोहाराच्या दुकानात मिळणारी पोलादाची चपटी पट्टी घ्या. रुंदी २५ मिमी, जाडी ५ मिमी, लांबी १ मीटर. ती उभी आहे, दोन्ही टोके पिनवर आहेत. पोलादाचा E सुमारे २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. पट्टी पातळ बाजूनेच वाकणार, म्हणून I काढताना जाडीचा घन येतो : २५ × ५³ ÷ १२, म्हणजे सुमारे २६०. चिरडण्याचा विचार केला तर १२५ चौरस मिमीचा हा छेद साध्या पोलादात ३१,००० न्यूटनांपर्यंत, म्हणजे तीन टनांहून अधिक दाब सोसायला हवा. तीन टन एका पट्टीवर, हे वाचतानाच कोणाही लोहाराला हसू येईल.

आता पद्धत. पट्टी वाकली तर तिचा आकार साइन वक्राचा असेल असे गृहीत धरू :

y = a sin(πx/L)

यात a हा मध्यावरचा बाक. तो किती, हे ठाऊक नाही. समजा १० मिमी. आता दोन गोष्टी मोजायच्या. पहिली, पट्टीला इतके वाकवताना तिच्यात साठलेली ऊर्जा. बर्नुलीने सांगितल्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणच्या वक्रतेचा वर्ग घ्यायचा, ताठपणाने गुणायचे, निम्मे करायचे आणि सगळ्या लांबीभर बेरीज करायची. साइन वक्रासाठी ही बेरीज EIa²π⁴/4L³ येते. आपल्या पट्टीत तिची किंमत जवळपास १२७ न्यूटन-मिमी भरते.

दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. पट्टी वाकली की तिची लांबी तेवढीच राहते, पण टोकांमधले सरळ अंतर कमी होते; म्हणून वरचे टोक, आणि त्यावरचे वजन, थोडे खाली उतरते. हे उतरणे a²π²/4L इतके, म्हणजे इथे जेमतेम ०.२४७ मिमी. मध्यावर बाक एक सेंटिमीटर आणि डोक्यावरची उतरण पाव मिलिमीटर. खांबावर लक्ष ठेवणाऱ्याने डोक्याकडे न पाहता कमरेकडे पाहावे, ते याचसाठी.

वजन खाली उतरताना जे काम करते ते भार गुणिले उतरण. येथे विद्यार्थी हटकून विचारतात की स्प्रिंगसारखे निम्मे का नाही? कारण स्प्रिंग ताणताना बल शून्यापासून वाढत जाते. इथे भार आधीपासूनच पूर्ण आहे, पट्टी सरळ असतानाही तो पूर्ण होता, आणि वाकताना तो तेवढाच राहतो. म्हणून निम्मे करायचे नाही. हे निसटले तर उत्तर थेट दुप्पट येते.

आता जमाखर्च. भार ४०० न्यूटन असेल तर उतरताना तो ९९ न्यूटन-मिमी ऊर्जा देतो. पट्टीला वाकायला १२७ लागते. ऊर्जा अपुरी, म्हणून कोणी पट्टीला हाताने ढकलून सोडले तरी ती पुन्हा सरळ होते. भार ६०० न्यूटन असेल तर तो १४८ देतो. गरजेपेक्षा जास्त, पट्टी आपली आपण वाकत सुटते. या दोहोंच्या मध्ये एक असा भार आहे जिथे देणे आणि घेणे बरोबर होते : १२७ भागिले ०.२४७, म्हणजे ५१४ न्यूटन. सुमारे ५२ किलो वजन. जी पट्टी चिरडायला तीन टन लागले असते ती एका सडपातळ माणसाच्या वजनाने बाकते.

बाक १० ऐवजी २० मिमी धरला असता तर? ऊर्जा चौपट होते, उतरणही चौपट होते, आणि भागाकार तोच राहतो. दोन्ही पदांत a² आहे आणि तो छेदला जातो; उरतो तो P = π²EI/L², ऑयलरचाच निकाल. म्हणजे ही पद्धत भार सांगते, बाक किती येईल ते सांगत नाही. हा तिचा दोष नाही. त्या भाराला किंचित बाकलेल्या सगळ्याच स्थिती सारख्या संतुलित असतात.

पण इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. साइन वक्र हेच खरे उत्तर होते, मग 'अंदाज' बरोबर आला यात नवल ते काय? म्हणून मुद्दाम चुकीचा आकार घेऊन पाहावे. टोकांना शून्य आणि मध्यावर सर्वाधिक अशा दुसऱ्या वक्रांत सर्वांत साधा पॅराबोला, म्हणजे अन्वस्त. डोळ्यांनी पाहिले तर तो साइन वक्राशी इतका जुळतो की कागदावर दोहोंमधला फरक दाखवणे कठीण. त्याच पायऱ्यांनी गेले की उत्तर येते 12EI/L². π² म्हणजे ९.८७, त्याऐवजी १२. आपल्या पट्टीचा भार ५१४ ऐवजी ६२५ न्यूटन. ५२ किलोऐवजी ६४ किलो.

हा फरक कागदावरचा नाही. साठ किलोचा माणूस त्या हिशेबावर विसंबून पट्टीवर उभा राहिला तर पट्टी त्याच्यासह जाईल. आणि चूक नेहमी याच बाजूला होते. गृहीत आकार खरा नसेल तर ही पद्धत भार जास्तच सांगते, कमी कधीच नाही. कारण खरी पट्टी वाकण्याच्या सर्व वाटांतून सर्वांत स्वस्त वाट निवडते. आपण तिला आपला आकार घ्यायला भाग पाडतो, म्हणजे न दिसणाऱ्या टेकूंनी तिला बांधतो, आणि बांधलेली पट्टी अधिक भार सोसते. कंपनाबाबत रेलींनी हेच सांगितले होते. तिथे थोडी जास्त कंपनसंख्या निरुपद्रवी असते. इथे जास्त भार म्हणजे धोका.

चूक एवढी मोठी का? पॅराबोला म्हणजे मुख्य साइन वक्र अधिक काही बारीक लाटा. त्यांतली पहिली, तीन अर्धलाटांची, उंचीने मुख्य लाटेच्या फक्त सत्ताविसावा हिस्सा आहे, म्हणून डोळ्याला दिसत नाही. पण ऊर्जा वक्रतेच्या वर्गावर चालते आणि बारीक लाट फार तीव्रतेने वळते. त्यामुळे हीच लाट मुख्य लाटेच्या नवव्या हिश्शाइतकी ऊर्जा फुकट खाते. दुसऱ्या शब्दांत, आकार चांगला होता, त्याची वक्रता वाईट होती. ती ओळखण्याची खूणही सोपी आहे. पॅराबोलाची वक्रता सर्वत्र जवळपास सारखी असते, अगदी टोकांपाशीही. पण पिनवरच्या टोकाला वाकवणारे काहीच नसते, तिथे वक्रता शून्यच हवी. गृहीत वक्र टोकांशी ही अट मोडत असेल तर येणाऱ्या भाराकडे संशयाने पाहावे.

तिमोशेंकोंनी वापरलेली सुधारणा नेमकी या दुखण्यावर आहे. वक्रता आपल्या अंदाजी आकारातून काढायचीच कशाला? पिन-टोकांच्या खांबात कोणत्याही ठिकाणी वाकवणारे परिबल हे भार गुणिले तिथला बाक एवढेच असते. तेव्हा ऊर्जा त्या परिबलावरून मोजावी. आता अंदाज फक्त बाकाचा लागतो, वक्रतेचा नाही, आणि बाकाच्या बाबतीत पॅराबोला खरोखरच चांगला होता. तोच पॅराबोला, पण ऊर्जेचा हिशेब असा केला की उत्तर येते 10EI/L² : ५२१ न्यूटन. खऱ्या ५१४ च्या तुलनेत दीड टक्क्याहूनही कमी फरक. त्याच चुकीच्या आकारातून बावीस टक्क्यांची चूक सव्वा टक्क्यावर आणणारी ही युक्ती या सगळ्या प्रकरणातील सर्वांत देखणी गोष्ट आहे, असे म्हणायला हरकत नाही.

जिथे खरे उत्तर साइन नसते तिथे या पद्धतीची खरी कसोटी लागते. त्याच पट्टीच्या मधल्या अर्ध्या मीटरला जोडपट्टी बसवून तिचा ताठपणा दुप्पट केला असे समजा. आता खरा वक्र दोन वेगळ्या तुकड्यांचा बनतो. तरी साइनच गृहीत धरू. वक्रतेवरून हिशेब केला तर भार साध्या पट्टीच्या १.८२ पट येतो. परिबलावरून केला तर १.६९ पट. समीकरण तुकड्यातुकड्याने नेमके सोडवले तर १.६८ पट. न्यूटनांत अनुक्रमे ९३५, ८७० आणि ८६१. दोन्ही अंदाज वरच्याच बाजूला आहेत, आणि दोन हिशेबांमध्ये इतकी तफावत पडणे हाच इशारा असतो की गृहीत आकार खऱ्यापासून दूर आहे. जाता जाता, यातून एक उपयोगाची गोष्ट कळते. अर्धीच लांबी मजबूत करून बराचसा फायदा मिळाला, कारण साइन वक्रात वाकण्याची सुमारे ८२ टक्के ऊर्जा मधल्या अर्ध्या भागातच साठते.

आकार एकच न घेता अनेक आकारांची मिसळ घ्यावी आणि भार सर्वांत कमी येईल अशी त्यांची प्रमाणे निवडावीत, ही पुढची पायरी वाल्टर रिट्झची. तोही १८७८ चाच, स्वित्झर्लंडचा, आणि ग्योटिंगेनमध्ये क्षयाने मरणपंथाला लागलेला. त्याने १९०८-०९ मध्ये हे लिहिले आणि जुलै १९०९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी तो गेला. पद्धतीला आज रेली-रिट्झ असे जोडनाव आहे.

हे सगळे खांब लवचीक राहतो तोवरच खरे. आपलीच पट्टी १० सेंटिमीटरची कापली तर सूत्र ५१,४०० न्यूटन सांगते, पण ती ३१,००० लाच नमलेली असेल. आखूड, जाड खांबांबाबत ऑयलरचे सूत्र असे फसवे ठरते. हे फ्रेंच अभियंता लामार्ल याने १८४५ मध्येच स्पष्ट केले होते. तरी युरोपला ते पुरते पटण्यास १८९१ उजाडले. त्या वर्षी १४ जूनला स्वित्झर्लंडमध्ये म्युन्शेनस्टाइन येथे आयफेलच्या कंपनीने बांधलेला रेल्वेपूल प्रवाशांनी भरलेल्या गाडीखाली कोसळला आणि सत्तरहून अधिक माणसे मेली. झुरिकच्या लुडविग फॉन टेटमायर यांनी त्यानंतर असंख्य दांड्या दाबून मोडल्या आणि मध्यम लांबीच्या खांबांसाठी प्रयोगांवर आधारलेले वेगळे नियम दिले.

दुसरी मर्यादा सरळपणाची. कोणतीही खरी पट्टी पूर्ण सरळ नसते. आपल्या पट्टीत मुळातच साइनच्या आकाराचा २ मिमी बाक असेल तर ४०० न्यूटन भाराखाली तो साडेचार पट, म्हणजे ९ मिमी होतो; आणि भार ५१४ जवळ जाऊ लागला की तो बेफाम वाढतो. म्हणून खांब अचानक जातो हे अर्धसत्य आहे. तो बहुधा आधी बाक वाढवून कळवतो. १९३२ मध्ये रिचर्ड साउथवेल यांनी तर या वाढत्या बाकाच्या नोंदींवरूनच, पट्टी न मोडता, तिचा ऑयलर-भार आलेखातून काढण्याची रीत दिली. क्वेबेकचा पाऊण इंचावरून दोन इंचांवर गेलेला बाक याच भाषेतला होता. तिथे मात्र अवयव एकसंध नव्हता. चार पट्टे जाळीने जोडून तो केला होता. जाळी अशक्त होती आणि पुलाचे स्वतःचे वजनही हिशेबात कमी धरले गेले होते, असे चौकशी आयोगाला आढळले. जोडीव खांबात जाळीच्या ताणण्यातही ऊर्जा खर्च होते, आणि तो खर्च जमाखर्चात वेगळा मांडता येणे ही ऊर्जापद्धतीची खास सोय होती.

तिमोशेंकोंचे स्थैर्यावरचे हे काम १९१० च्या सुमारास कीव्ह पॉलिटेक्निकच्या नियतकालिकात छापले गेले आणि १९११ मध्ये त्याला झुराव्स्की पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली. झारशाहीचे शिक्षणमंत्री कास्सो यांच्या धोरणाविरुद्धच्या निषेधपत्रावर त्यांनी सही केली होती. पुढची काही वर्षे त्यांना कायमचे पद नव्हते. १९१३ मध्ये त्यांच्या निबंधाचा फ्रेंच अवतार पॅरिसच्या अभियांत्रिकी नियतकालिकात आला आणि पद्धत पश्चिम युरोपात पोचली. ते स्वतः क्रांतीनंतर देश सोडून युगोस्लाव्हिया आणि तेथून १९२२ मध्ये अमेरिकेला गेले. स्थैर्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३६ चा.

पारितोषिकासाठी त्या कामाचे परीक्षण केले होते इव्हान बुब्नोव्ह यांनी. ते रशियन नौदलाचे जहाजरचनाकार आणि पाणबुड्यांचे आरेखक. परीक्षणात त्यांनी शांतपणे एक निरीक्षण नोंदवले : ऊर्जेचा उल्लेखही न करता हेच भार निघतात. गृहीत आकार थेट समीकरणात घालावा, जी बाकी उरेल तिला त्याच आकाराने गुणून सगळ्या लांबीभर बेरीज करावी, आणि ती बेरीज शून्य ठेवावी. आपल्या पट्टीवर साइन घेऊन हे केले तरी ५१४ च येतात. हीच वाट १९१५ मध्ये बोरिस गालेर्किन यांनी स्वतंत्रपणे विस्ताराने मांडली. राजकीय खटल्यात तुरुंगात असताना खांबांच्या बाकण्यावरच आपला पहिला निबंध लिहिणारा हा अभियंता. आज संगणकावर पुलांची गणिते करणाऱ्या प्रणालींत गालेर्किन हे नाव सर्वत्र आढळते. बुब्नोव्ह यांचे रशियन पुस्तकांतच अधिक.